जुन्या ऑफिसच्या ईमेलवर घड्याळाचं खातं: या चुका टाळा

नोकरी सोडताना लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र सगळं मोजून परत दिलं जातं. गार्मिन कनेक्टचं किंवा स्ट्राव्हाचं खातं त्याच कंपनीच्या ईमेलवर काढलंय, हे मात्र कोणाला आठवत नाही. आठवायला कारणही नसतं, कारण त्या दिवशी काहीच बिघडत नाही. घड्याळ सिंक होतं, पावलं मोजली जातात, झोपेचे आलेख दिसतात. फोनमधल्या ॲपमध्ये लॉगिन टिकून आहे तोवर ईमेल जिवंत आहे की मेला, याच्याशी ॲपला सहसा देणंघेणं नसतं. डेटा हातचा जातो तो पुढे कधीतरी, लॉगिन सुटतं तेव्हा. म्हणून या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक जुना ईमेल वापरणं ही नाहीच. ती आहे घाबरून लॉगआउट करणं.

बिघडलं की लॉगआउट

हिंजवडीतल्या एखाद्या धावपटूचं उदाहरण घ्या. ऑफिसात पावलांची स्पर्धा होती, एचआरने ऑफिसच्याच ईमेलने नोंदणी करायला सांगितलं, म्हणून घड्याळाचं खातंही त्याच पत्त्यावर निघालं. चार वर्षांचं धावणं त्यात साठलं. ऑगस्टमध्ये नोकरी बदलली. नोव्हेंबरात एका सकाळी सिंक अडकलं. मामला ब्लूटूथचा होता, फोन रीस्टार्ट केला असता तर बहुधा सुटला असता. पण आपल्याकडे कुठलंही ॲप अडलं की पहिला सल्ला ठरलेला: लॉगआउट कर आणि परत लॉगिन कर.

लॉगआउट झालं. पासवर्ड आठवेना. ‘Forgot Password’ दाबलं, तर रीसेटची लिंक गेली बंद पडलेल्या पत्त्यावर. मग ॲप काढून पुन्हा टाकलं, त्यातून काही निघालं नाही. शेवटी घड्याळच फॅक्टरी रीसेट केलं आणि स्वतःच्या जीमेलवर नवं खातं काढलं. चार वर्षांचं धावणं गार्मिनच्या सर्व्हरवर तसंच पडून आहे, फक्त मालकाकडे किल्ली नाही. घड्याळात जे काही उरलं होतं, ते रीसेटने पुसलं गेलं.

यातलं प्रत्येक पाऊल थांबवता आलं असतं. सिंक अडलं तर आधी ब्लूटूथ बंद-चालू करा, फोन आणि घड्याळ दोन्ही रीस्टार्ट करा. खात्याला हात लावू नका. लॉगिन सुटलंच, तर रीसेटच्या आधी पासवर्ड शोधा. अँड्रॉइड किंवा क्रोमवर कधीकाळी ‘सेव्ह करू का’ला हो म्हटलं असेल, तर तो passwords.google.com वर सापडतो. आयफोनवर ‘पासवर्ड्स’मध्ये बघा. घरच्या जुन्या लॅपटॉपचा ब्राउझरही उघडा, कधीकधी तिथे खातं अजून लॉगिन असतं. पासवर्ड मिळाला तर बंद ईमेलची अडचण बरीचशी संपली.

आणि घड्याळ रीसेट करण्याआधी ते केबलने कॉम्प्युटरला जोडा. ‘GARMIN’ फोल्डरमधल्या ‘Activity’मध्ये अलीकडच्या धावण्याच्या .fit फाइल असतात. त्या सरळ कॉपी करा. नवं खातं काढल्यावर गार्मिन कनेक्टच्या वेबसाइटवर ‘Import Data’मधून त्या चढवता येतात. घड्याळाची जागा मर्यादित, त्यामुळे चार वर्षं मिळणार नाहीत, पण शेवटचे काही महिने मिळू शकतात. झोप आणि दिवसभराच्या पावलांचे जुने आकडे मात्र असे परत येतील ही आशा धरू नका.

फिटबिटवाल्यांना वेळ आणखी कमी. बँडमध्ये मिनिटागणिक तपशील सात दिवसांचेच राहतात, रोजच्या बेरजा तीस दिवसांच्या. खातं कोणतं हे ठरवण्यात दहा दिवस घालवले, तर तेवढे तपशील गेलेच समजा.

ईमेल न बदलता एक्सपोर्ट मागवणं

ही माझी खास नावडती चूक, कारण ती शहाणी माणसं करतात. नोकरी सुटली, लॉगिन शाबूत आहे, म्हणून बॅकअपसाठी संपूर्ण डेटा मागवतात. गार्मिन असो की स्ट्राव्हा, त्या झिपची लिंक येते ईमेलवर. कोणत्या? खात्याला जोडलेल्या. म्हणजे तुमचा चार वर्षांचा डेटा व्यवस्थित बांधून बंद पेटीत टाकला जातो आणि तुम्ही दोन दिवस स्पॅम फोल्डर चाळत बसता.

क्रम उलटा ठेवा. आधी खात्याच्या सेटिंगमध्ये ईमेल बदला. नव्या पत्त्यावर पडताळणीचा मेल आला, तो स्वीकारला, मगच एक्सपोर्ट. ईमेल बदलताना सध्याचा पासवर्ड विचारला जाऊ शकतो, जुन्या पत्त्यावर कोडही जाऊ शकतो. म्हणून हे काम शेवटच्या दिवसाच्या आधी, ऑफिसचा मेल उघडत असताना करायचं. राजीनामा दिला त्याच संध्याकाळी करावं, असं माझं मत. नोटीस पीरियडच्या भरवशावर राहू नये, काही कंपन्या त्याच दिवशी ॲक्सेस काढतात.

ईमेल बदलणं जमतच नसेल पण ब्राउझरमध्ये लॉगिन असेल, तर एकेक ॲक्टिव्हिटी उघडा आणि ‘Export Original’ करा. ती फाइल थेट कॉम्प्युटरवर उतरते, ईमेलचा संबंध येत नाही. कंटाळवाणं आहे, पण मॅरेथॉन आणि लांब पल्ल्याच्या वीस-पंचवीस धावा तासाभरात निघतात. मोबाइल ॲपमध्ये हे बटण शोधू नका, वेबसाइटवरच करा.

जोडलेली ॲप विसरणं

डेटा ‘गेला’ म्हणण्याआधी तो आणखी कुठे जात होता ते आठवा. गार्मिन स्ट्राव्हाला जोडलेलं असेल, तर धावणं-सायकलिंग तिथेही आहे, आणि स्ट्राव्हाचं खातं कदाचित तुमच्या जीमेलवर आहे. आयफोनवर ॲपल हेल्थला परवानगी दिली असेल, तर पावलं आणि हृदयाचे ठोके फोनमध्येच आहेत. प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘Export All Health Data’ केलं की झिप तिथल्या तिथे मिळते. आता जोडून मागचं सगळं मिळेल असं मात्र नाही. गार्मिन आज स्ट्राव्हाला जोडलं, तर जास्तीत जास्त मागचे नव्वद दिवस येतात.

थोडक्यातल्या चुका

बँडचा डबा उघडल्या उघडल्या घाईत काढलेला जीमेल: दोन वर्षं कुठेच न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसून टाकू शकतं, आणि तोच पत्ता पुन्हा काढता येत नाही.

फिटबिट गूगल खात्यावर हलवताना जुन्या खात्याचं लॉगिन लागतं. ‘नंतर करू’वाल्यांचा जुना ईमेल नेमका तेव्हाच बंद निघतो.

स्वतःच्या डोमेनचा ईमेल: डोमेनचं नूतनीकरण चुकलं आणि दुसऱ्याने ते घेतलं, तर रीसेटची लिंक त्याच्याकडे जाईल.

सगळं सुटलंच असेल तर

आधीच्या कंपनीच्या आयटीला लगेच लिहा. ‘लगेच’ला अर्थ आहे: गूगल वर्कस्पेसमध्ये पुसलेलं खातं ॲडमिनला वीस दिवसांपर्यंत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये तीस. त्यानंतरही रस्ता असतो. तुमचा जुना पत्ता त्यांनी तासाभरासाठी दुसऱ्या कोणाच्या मेलबॉक्सला उपनाव म्हणून जोडला, तरी रीसेटचा एक मेल पकडता येतो. मागताना नेमकं मागा: ‘मेलबॉक्स नको, अमुक कंपनीकडून येणारा एकच पासवर्ड रीसेटचा मेल पुढे पाठवा.’ पूर्ण मेलबॉक्स मागितला तर नकारच येईल, आणि तो योग्यच असेल.

लिंक लवकर निरुपयोगी होते, म्हणून समोरचा माणूस फोनवर असतानाच ‘Forgot Password’ दाबा. आत शिरलात की पासवर्ड बदलून थांबू नका, त्याच बैठकीत ईमेलही बदला. आयटीने नाही म्हटलं तर घड्याळाच्या कंपनीच्या सपोर्टला लिहा, सोबत घड्याळाचा सिरीयल नंबर, खरेदीचं बिल आणि खात्यातली जन्मतारीख द्या.