मूल वर्गात वारंवार मारतं, हे पालकांना कळवताना या चुका टाळा

"तुमचा मुलगा आज पुन्हा मुलांना मारत होता. कृपया घरी समज द्या."

हा मेसेज मीच पाठवला होता, शाळा सुटल्यावर, दप्तरं आवरता आवरता. दुसऱ्या दिवशी तो पाच वर्षांचा मुलगा वर्गात आला तो माझ्याकडे न बघताच कोपऱ्यात जाऊन बसला. थोड्या वेळाने शेजारच्या मुलीला म्हणाला, "बाईंनी नाव सांगितलं, म्हणून बाबांनी मारलं." त्या दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त मारामारी केली. त्याला इथे नील म्हणते. हे त्याचं खरं नाव नाही.

तेव्हापासून असे मेसेज मी बरेच लिहिले आहेत आणि सहकाऱ्यांनी लिहिलेले वाचलेही आहेत. फसतात ते बहुतेक ठरावीक जागीच.

मोघम शब्द

माझ्या मेसेजमधला "पुन्हा" हा शब्द बघा. पुन्हा म्हणजे कितव्यांदा? "मुलांना" म्हणजे किती जणांना? आईवडिलांना यातलं काहीच माहीत नसतं, मग उरलेली जागा ते भीतीने भरतात. नीलच्या आईने वाचलं ते असं: माझा मुलगा दिवसभर सगळ्यांना मारत सुटतो आणि शाळेला तो नकोसा झालाय.

उलट बाजूची चूकही मोघमपणाचीच. "जरा चंचल आहे", "हात थोडा चालतो", "मस्ती वाढलीये". वाईट वाटू नये म्हणून आपण असं लिहितो. पालक वाचतात, हसऱ्या चेहऱ्याची खूण पाठवतात आणि विसरून जातात. मग महिन्याभराने कुणाच्या तरी गालावर ओरखडा उठतो, आपण त्यांना भेटायला बोलावतो आणि ते विचारतात, "इतके दिवस का नाही सांगितलं?" त्यांचं म्हणणं रास्त असतं. एकदा हात उगारला म्हणून लगेच लिहायची गरज नसते, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तसंच घडलं की कळवावं.

लिहिण्याआधी मात्र नोंद हवी. मी साध्या वहीत चार रकाने आखते: वेळ, त्याच्या अगदी आधी काय घडलं, त्याने नेमकं काय केलं, आणि लगेच नंतर काय झालं. नीलच्या आठ दिवसांच्या नोंदीत सात प्रसंग होते. त्यातले पाच ठोकळे आवरायच्या वेळचे. प्रत्येक वेळी कुणीतरी त्याच्या हातातला ठोकळा घेतला होता किंवा त्याचा मनोरा मोडला होता. उरलेले दोन रांगेत उभं राहताना, मागून धक्का लागल्यावर. गोष्टीच्या, चित्राच्या किंवा मैदानावरच्या खेळाच्या वेळी एकही नाही. मारणं म्हणजे उघड्या हाताने खांद्यावर किंवा पाठीवर. ओरखडा एकदाच.

खरी गोष्ट चौथ्या रकान्यात सापडली. पाचांपैकी चार वेळा मारल्यानंतर ठोकळा त्याला परत मिळाला होता. कधी समोरच्या मुलाने घाबरून दिला, तर कधी भांडण मिटावं म्हणून मीच दिला. म्हणजे मारण्याचा त्याला उपयोग होत होता. "खेळ थांबवायला मला अजून थोडा वेळ हवाय" हे वाक्य त्याच्या तोंडी येत नव्हतं, आणि त्या वाक्याचं काम त्याचा हात करत होता.

ही नोंद हाताशी आल्यावर मेसेजचा सूर आपोआप बदलतो. "सात वेळा, त्यातल्या पाच वेळा आवरताना" हे वाचणाऱ्या आईला आकडा टोचतो खरा, पण आपलं मूल दिवसभर तसं वागत नाही हेही त्याच ओळीत कळतं. मला तरी एवढा खरा धीर दुसऱ्या कुठल्याही वाक्यात सापडलेला नाही.

"काळजी करू नका"

हे वाक्य वाचून आजवर कुणाची काळजी थांबलेली मी पाहिली नाही. ते लिहायचा मोह झाला, की त्या जागी आपण वर्गात काय करतोय ते लिहावं. "काळजी करू नका, आम्ही बघतो" याऐवजी "उद्यापासून आवरायच्या पाच मिनिटं आधी मी त्याच्याजवळ जाऊन सांगणार आहे" असं लिहिलं, तर पालकांना धरायला काहीतरी मिळतं.

वर-खाली कौतुक आणि मध्ये तक्रार, हा प्रकारही मी सोडून दिला. "नील खूप गोड मुलगा आहे, फक्त मारतो, पण चित्रं छान काढतो." काही पालकांना यातलं फक्त गोड ऐकू येतं, काहींना फक्त मारणं. आणि पुढच्या वेळी आपण मनापासून कौतुक केलं तरी ते "आता काय केलं याने?" असं विचारतात. कौतुक लिहायचं तर ते याच विषयातलं असावं. नीलने मारल्यावर दोनदा स्वतःहून पाण्याची बाटली आणून त्या मुलाला दिली होती. ते मी लिहिलं, कारण दुसऱ्याला लागलंय हे त्याला कळतं, हे त्यातून दिसतं.

"घरी समज द्या"

माझी सर्वांत मोठी चूक ही. सकाळी अकराला उगारलेल्या हाताबद्दल संध्याकाळी सातला रागावलं, तर पाच वर्षांच्या मुलाला त्या दोन गोष्टींची सांगड घालणं अवघड जातं. त्याला एवढंच समजतं, की बाईंनी काहीतरी सांगितलं आणि घरी मार बसला. शिवाय "समज द्या" या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो.

म्हणून आता मी स्पष्ट लिहिते: त्याला रागावू नका, शिक्षा करू नका, त्याबद्दल वर्गात आमचं बोलणं झालं आहे. आणि घरी करण्यासारखं एकच छोटं काम सुचवते. काहीच सुचवलं नाही, तर अस्वस्थ झालेले पालक स्वतःच्या मनाने काहीतरी करतात.

"घरी काही प्रॉब्लेम आहे का?" हा प्रश्न मेसेजमध्ये नकोच. तो चौकशीसारखा वाटतो. "घरी खेळ थांबवायला सांगितल्यावर तो काय करतो?" असं विचारलं, की आईवडील मोकळेपणाने सांगतात. कारण त्यांना माहीत असलेलं काहीतरी आपण विचारत असतो.

काही गोष्टींना फार स्पष्टीकरण लागत नाही. ज्याला लागलं त्या मुलाचं नाव लिहू नये. "आक्रमक", "हायपर" असे शिक्के मारू नयेत आणि निदान तर मुळीच करू नये, तो आपला अधिकार नाही. वर्गाच्या ग्रुपवर आडूनही उल्लेख नको, सगळ्यांना बरोबर कळतं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पाठवू नये, कारण मग बोलायला कुणी नसतं आणि दोन दिवस घरात तोच विषय चालतो. आणि कुणाला जखम झाली असेल, तर मेसेज न करता आधी फोन करावा.

नंतर मी पाठवलेला मेसेज

> नमस्कार. मी नीलची वर्गशिक्षिका. नीलबद्दल एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. गेल्या आठ दिवसांत त्याने सात वेळा वर्गातल्या मुलांना हाताने मारलं. एकदा एका मुलाच्या गालावर ओरखडा उठला. यातले पाच प्रसंग ठोकळे आवरायच्या वेळचे आहेत, दोन रांगेतले. बाकी वेळात तो मुलांबरोबर नीट खेळतो. दोनदा मारल्यानंतर त्याने स्वतःहून त्या मुलाला पाणी नेऊन दिलं.
>
> मला वाटतं, खेळ अचानक थांबला की त्याला ते शब्दांत सांगता येत नाही. उद्यापासून आवरायच्या पाच मिनिटं आधी मी त्याला सांगेन आणि "माझं अजून झालं नाही" असं म्हणायची त्याच्याकडून सवय करून घेईन. मारल्यावर ठोकळा परत मिळणार नाही, हेही मी पाळणार आहे.
>
> वर्गात त्याच्याशी याबद्दल बोलणं झालं आहे, त्यामुळे घरी कृपया रागावू नका किंवा शिक्षा करू नका. घरी खेळ थांबवतानाही त्याला "माझं अजून झालं नाही" हेच वाक्य म्हणायला सांगून बघाल का? आणि घरी खेळ थांबवल्यावर तो काय करतो, तेही सांगा. उद्या साडेचारनंतर मी फोनवर आहे. पुढच्या शुक्रवारी दुपारी पुन्हा कळवते.

यात एक जागा मी बराच वेळ घोळवली: "मला वाटतं". कारण हा माझा अंदाज आहे आणि आकडे ही वस्तुस्थिती. दोन्ही एकाच ठाम सुरात लिहिलं, की पालक अंदाजावर वाद घालतात आणि त्यात आकडेही वाहून जातात.

उत्तर आल्यावर होणारी चूक

"घरी तर तो असं कधीच करत नाही" असं उत्तर आलं, की आपण लगेच पुरावे द्यायला लागतो. खरं तर ते बहुधा खरंच सांगत असतात. घरी एकाच खेळण्यावर दहा हात पडत नाहीत. मी लिहिते, "हे कळलं ते बरं झालं. म्हणजे गर्दीत वस्तू हातातून जाते तेव्हाच होतंय." "कुणीतरी त्याला डिवचत असणार" याला उत्तर वहीतलंच: "हो, पाचही वेळा आधी कुणीतरी ठोकळा घेतला होता किंवा मनोरा मोडला होता. त्या मुलांशीही मी बोलतेय." आणि "आज बघतेच त्याच्याकडे" असं उत्तर आलं, तर मेसेज करत बसू नये. मूल घरी पोचायच्या आत फोन करावा.

लवकर थांबेल असं वचन देणं

पहिल्या मेसेजात "आठवड्याभरात फरक पडेल" असं लिहू नका. मारून ठोकळा मिळेनासा झाला, की बरीच मुलं आधी जास्त जोरात मारून बघतात. आजवर चाललेला उपाय एकदम बंद पडलेला असतो. नीलचंही तसंच झालं. पाच दिवसांच्या पहिल्या आठवड्यात सहा प्रसंग, म्हणजे रोजच्या हिशेबाने आधीपेक्षा जास्तच. शुक्रवारी मी तो आकडा तसाच कळवला आणि असं का होत असावं तेही लिहिलं. त्याच्या आईचं उत्तर आलं, "घरीही परवा टीव्ही बंद केल्यावर रडला, पण वाक्य म्हणाला."

चार-सहा आठवडे नेटाने करूनही काहीच हललं नाही, प्रसंगांना ठरावीक वेळच सापडली नाही, मूल चावायला किंवा वस्तूने मारायला लागलं, किंवा हाक मारल्यावर वळत नाही, बोलणं वयाच्या मानाने मागे आहे असं दिसलं, तर तो विषय मेसेजचा नाही. समोरासमोर बसावं, वही दाखवावी आणि बालरोगतज्ज्ञांना भेटून कानाची तपासणी करून घ्यायला सुचवावं. नीट ऐकू न येणारं मूलही गोंधळात हात चालवतं, आणि लहान वयात सर्दीनंतर कानात पाणी साठून ऐकू कमी येणं हे काही दुर्मीळ नाही.

नीलच्या बाबतीत तिथवर जावं लागलं नाही. चौथ्या शुक्रवारचा मेसेज दोनच ओळींचा होता: "या आठवड्यात एकदा मारलं, मंगळवारी, रांगेत. आवरताना तीनदा 'माझं अजून झालं नाही' असं म्हणाला, आणि तिन्ही वेळा समोरचं मूल थांबलं."