शाफ्ट अर्धवट यील्ड झाला की गणित कुठे फसतं: या चुका टाळा

५० मिमी व्यासाचा भरीव स्टील शाफ्ट घ्या. शिअरमधला यील्ड स्ट्रेस १५० MPa, G = ८० GPa, आणि यील्डनंतर स्ट्रेस वाढत नाही असं धरा. पीळ देता देता बाहेरचा भाग यील्ड झाला आणि आत १५ मिमी त्रिज्येचा गाभा इलॅस्टिक राहिला. आता टॉर्क किती?

पहिली चूक इथेच होते: सवयीने Tr/J वापरलं जातं. ते सूत्र पृष्ठभाग यील्ड होईपर्यंतच खरं, म्हणजे ३.६८ kN·m पर्यंत. त्यापुढे

`T = (4/3)·T_Y·[1 − (1/4)(ρ/c)³]`

T_Y म्हणजे वरचा ३.६८ kN·m, ρ ही इलॅस्टिक गाभ्याची आणि c ही शाफ्टची त्रिज्या. इथे ρ/c = ०.६, म्हणून T = ४.६४ kN·m. पिळाचा कोनही TL/GJ ने काढू नका. तो गाभ्याच्या कडेवरून काढायचा: १५० ला G आणि १५ मिमीने भागलं की मीटरला ०.१२५ रेडियन येतो. TL/GJ ने ०.०९५ च येतो.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते टॉर्क सोडताना. सोडणं म्हणजे ४.६४ kN·m उलट दिशेने लावणं, आणि हा बदल पूर्ण इलॅस्टिक असतो. त्यामुळे इथे मात्र Tr/J बरोबर ठरतं. पृष्ठभागावर १८९ MPa येतात. हा आकडा पाहून बरेच जण दचकतात, ‘यील्डच्या वर कसा जाईल?’ म्हणत तो १५० वर कापतात आणि पृष्ठभागावर शून्य रेसिड्युअल स्ट्रेस लिहून मोकळे होतात. पण १८९ हा प्रत्यक्ष स्ट्रेस नाही, स्ट्रेसमधला बदल आहे. +१५० पासून −१५० पर्यंत जायला ३०० MPa ची जागा आहे. म्हणून पृष्ठभागावर १५० − १८९ = −३९ MPa, आणि गाभ्याच्या कडेला १५० − ११३.५ = +३६.५ MPa उरतात. चिन्ह साधारण १९.८ मिमी त्रिज्येवर बदलतं. कायमचा पीळ मीटरला ०.१२५ − ०.०९५ = ०.०३० रेडियन, म्हणजे सुमारे पावणेदोन अंश.

उत्तर तपासायचं असेल तर रेसिड्युअल स्ट्रेसचा एकूण टॉर्क काढा. शाफ्टवर बाहेरून काहीच लावलेलं नसल्याने तो शून्यच यायला हवा. आपल्या शाफ्टमध्ये गाभा +१९३ N·m देतो, बाहेरचं कडं −१९३. जुळलं नाही तर चूक बहुधा कापलेल्या स्ट्रेसमध्ये किंवा चिन्हात सापडेल.

आणखी एक गैरसमज: ‘आता शाफ्ट दोन्हीकडे मजबूत झाला.’ त्याच दिशेने तो ४.६४ पर्यंत इलॅस्टिक राहतो, पण उलट दिशेने २.७२ kN·m लाच यील्ड होतो. खऱ्या स्टीलमध्ये बाउशिंगर परिणामामुळे त्याच्याही आधी. गाड्यांच्या सस्पेन्शनमधल्या, आधीच पीळ देऊन प्रीसेट केलेल्या टॉर्शन बारवर डावा-उजवा अशी खूण असते ती याचसाठी. बाजू बदलून बसवला तर बार खचतो.