नाणी तीन, पण रुपये किती?

बालवाडीच्या वर्कशीटवर ५, २ आणि १ ची नाणी छापलेली असतात आणि मूल खुशाल 'तीन' लिहून मोकळं होतं. त्याला मोजता येत नाही असं नाही. त्याने नाणी मोजली, किंमत नाही. एक वस्तू म्हणजे एक, हेच तर आपण आत्तापर्यंत शिकवलेलं असतं!

अशा वेळी प्रत्येक नाण्याशेजारी त्याच्या किमतीइतके ठिपके काढा: पाचच्या नाण्याला पाच, दोनच्याला दोन, एकच्याला एक. मग बोट ठेवत सगळे ठिपके मोजायला लावा. उत्तर येईल आठ. हे जमलं की पाचच्या नाण्याचे ठिपके झाका आणि 'पाच' म्हणून पुढे मोजायला सांगा: सहा, सात, आठ. इथे बरीच मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. तसं झालं तर ठिपके परत उघडा, घाई नको. सुरुवात नेहमी मोठ्या नाण्यापासून करा आणि बेरीज दहाच्या आत ठेवा.

घड्याळातही हीच गफलत होते. मोठा काटा ३ वर असला की मूल 'तीन मिनिटं' म्हणतं. म्हणून सध्या फक्त पूर्ण तास आणि साडे एवढंच घ्या. आकृत्या आणि पॅटर्नच्या पानांवर हा घोळ नसतो. तिथे फक्त चौकोन तिरका काढला तरी मूल तो ओळखतं का, तेवढं बघा.