कार्डावर खाडाखोड नको म्हणून आधी कच्चं

मावशीच्या पंचाहत्तरीचं कार्ड हाताने लिहायचं होतं. कार्ड एकच, त्यामुळे खाडाखोड चालणार नव्हती. मजकूर आधी वहीत लिहिला, पण वहीची ओळ लांब आणि कार्डाची आखूड, त्यामुळे तो कार्डात कसा बसेल याचा अंदाज येईना.

म्हणून कार्डाच्या आतल्या पानाएवढाच कोरा कागद कापला आणि त्यावर त्याच पेनाने, त्याच आकाराच्या अक्षरात लिहिलं. खरी अडचण तेव्हा दिसली. 'तुमच्या हातची पुरणपोळी' या ओळीतले उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकत होते. आपल्या लिपीला ओळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे जागा लागते. ओळींमधलं अंतर आठ मिलिमीटरवरून बारा केलं, तर शेवटच्या दोन ओळी पानाबाहेर गेल्या. मग शुभेच्छांची ठरावीक वाक्यं काढली आणि पुरणपोळीची आठवण ठेवली. मावशीला तीच आवडणार.

कच्च्या कागदावर जिथे ओळ तुटली, तिथेच कार्डावरही तोडायची. कार्डावर पेन्सिलीने अगदी फिकट रेघा मारल्या, कच्चा कागद शेजारी ठेवला आणि एकेक शब्द बघून उतरवला. आठवणीतून लिहिलं की शब्द गळतो.

गुळगुळीत कार्डावर जेल पेनाची शाई लवकर वाळत नाही. कार्डाच्या मागे एक ठिपका देऊन बोट फिरवून बघा, फासला तर बॉलपेन घ्या. मात्र पेन बदललं की अक्षराची रुंदीही बदलते, तेव्हा कच्चं पुन्हा त्याच पेनाने लिहा. पेन्सिलीच्या रेघा मी दुसऱ्या दिवशी खोडल्या.