या चुका टाळा: शाई गाळून वेगळी होत नाही

प्रात्यक्षिकाला फाउंटन पेनची काळी शाई समोर ठेवली की निम्मी मुलं आधी गाळणकागद दुमडायला घेतात. खाली चंचुपात्रात उतरणारं पाणी काळंच असतं, तरी जर्नलमध्ये ‘शाई कागदावर राहिली’ असं लिहून मोकळी होतात. कागद रंगला म्हणजे रंग अडला असं नव्हे. गाळणकागद न विरघळलेले कण अडवतो. शाईतला रंग पाण्यात विरघळलेला असतो, तो पाण्याबरोबरच खाली जाणार. मिठाच्या पाण्याचंही तेच.

म्हणून साहित्याला हात लावण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: तुला यातलं काय हवंय? शाईतलं पाणी हवं असेल तर ऊर्ध्वपातन. शाईत कोणकोणते रंग मिसळलेत ते बघायचं असेल तर पेपर क्रोमॅटोग्राफी. शाईत वाळू पडली असेल आणि ती काढायची असेल, तर खुशाल गाळा.

क्रोमॅटोग्राफीत माझं डोकं फिरवणारी चूक म्हणजे ज्या रेषेवर शाईचा ठिपका द्यायचा ती आरंभरेषा पेनने मारणं. एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो होतो. पेन्सिली शोधण्यात वेळ जाईल म्हणून मुलांनी निळ्या जेल पेनने रेषा मारल्या होत्या. पाणी वर चढू लागलं तशी ती रेषाच सुटली आणि प्रत्येक पट्टीवर निळा ढग वर निघाला. काळी, हिरवी, लाल, कुठलीही शाई घ्या, सगळ्यांचा निष्कर्ष एकच: ‘यात निळा रंग आहे.’ लाल शाईतही! एकालाही शंका आली नाही. पेन्सिलीतलं ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, म्हणून रेषा पेन्सिलीचीच. पट्टीच्या कडेला नुसत्या रेषेचा थोडा भाग शाईविना मोकळा ठेवायची माझी सवय आहे. तिथून रंग वर गेला तर दोष रेषेचा, हे लगेच कळतं.

रेषा खालच्या टोकापासून २ सेंमीवर आणि पाणी जेमतेम १ सेंमी. ठिपका पाण्यात बुडाला तर रंग कागदावर चढण्याऐवजी भांड्यात उतरतो. ठिपका टूथपिकच्या टोकाने बारीक द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा त्याच जागी द्यायचा. हे वाळू देणं कुणालाच नको असतं. एकदाच मोठा थेंब टेकवला की रंग एकमेकांत मिसळलेले लांबलचक ओघळ मिळतात आणि मग ‘सर, कागद खराब आहे’. पाणी वरच्या टोकापासून १-२ सेंमीवर आलं की पट्टी काढून त्याची सीमा तिथल्या तिथे पेन्सिलीने आखा. कागद वाळल्यावर ती सापडत नाही. पाणी रेषेपासून ८ सेंमी आणि निळा ठिपका ६ सेंमी गेला असेल, तर या दोन अंतरांचं गुणोत्तर Rf = 6/8 = 0.75. दोन्ही अंतरं आरंभरेषेपासून मोजायची. कागदाच्या टोकापासून मोजणारे दरवर्षी भेटतात. मार्कर किंवा बॉलपेनची शाई पाण्यात हलत नसेल तर पट्टी तासभर ठेवूनही हलणार नाही. तिला स्पिरिट लागतं.

ऊर्ध्वपातनात घाई लगेच पकडली जाते. चंबू निम्म्याहून जास्त भरून ज्योत मोठी केली की शाई उसळते, फेस थेट कंडेन्सरच्या नळीत शिरतो आणि पलीकडे निळसर थेंब पडतात. गोळा झालेलं पाणी रंगीत दिसलं, तर ते वाफ होऊन आलेलं नाही, शाईच उडून आली आहे. ते ओतून द्या, नळी धुवा, पुन्हा सुरू करा. चिनी मातीचे दोन-चार तुकडे तापवण्याआधीच टाका. उकळत्या द्रवात टाकलेत तर एकदम उसळी येईल. तापमापीचा फुगा द्रवात बुडवू नका, तो बाजूच्या नळीच्या तोंडासमोर हवा, कारण मोजायचं आहे ते वाफेचं तापमान. पुण्यात तिथे ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास दिसतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर पाणी थोडं आधी उकळतं. जर्नलात १०० लिहिलेले दिसले की तापमापी वाचलीच नाही हे मला कळतं.

कंडेन्सरला पाणी खालून आत, वरून बाहेर. थेंब गोळा करायच्या भांड्याला घट्ट बूच नाही, वाफेला वाट हवी.

मीठ आणि वाळू वेगळी करताना कागदावरच्या वाळूवर थोडं पाणी ओतून ती धुवा, नाहीतर मीठ तिच्यातच राहतं आणि मिठाचं वजन कमी भरतं. मीठच हवं असेल तर कंडेन्सर जोडत बसू नका, पाणी उडवून टाका. ॲसिटोन आणि पाणी मात्र ऊर्ध्वपातनानेच: ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, पाणी १०० च्या आसपास, अंतर भरपूर आहे. पण तिथे बर्नर पेटवायचा नाही. ॲसिटोनची वाफ टेबलावरून पसरून पेट घेते, म्हणून चंबू गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचा आणि ते पाणी दुसरीकडे तापवून आणायचं.