मराठी एसएमएसचे जास्त भाग का पडतात? मजकूर लिहिताना या चुका टाळा

सोसायटीच्या सचिवांनी किंवा पतसंस्थेच्या कारकुनाने एकच सूचना इंग्रजीत आणि मराठीत पाठवली, की बिलात मराठीचे पैसे दुप्पट लागलेले दिसतात. मग समज होतो की मराठी वाक्यं लांबट असतात. हे खरं नाही. पाण्याच्या टाकीची ही सूचना बघा:

```
Water supply will be closed on Monday from 9 am to 5 pm for tank cleaning. Please store water. - Secretary
```

```
सोमवारी टाकी साफ करणार असल्याने सकाळी ९ ते ५ पाणी बंद राहील. पाणी भरून ठेवावे. - सचिव
```

मोकळ्या जागा धरून इंग्रजी मजकूर १०६ चिन्हांचा आहे, मराठी ८५. मराठी आखूड आहे, तरीही इंग्रजीचा एक एसएमएस होतो आणि मराठीचे दोन.

एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा असते. मोबाइलच्या मूळ अक्षरतक्त्यात प्रत्येक अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. या तक्त्यात इंग्रजी अक्षरं आहेत, काही ग्रीक अक्षरंही आहेत, पण देवनागरी नाही. देवनागरीचं एकही चिन्ह आलं की अख्खा मजकूर युनिकोडच्या यूसीएस-२ पद्धतीने जातो. तिथे प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात आणि एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच बसतात. हिंदीसाठी वेगळा ७ बिटांचा तक्ता मानकात आहे, पण तो पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत सगळ्यांना कळावा लागतो. त्यावर विसंबून मजकूर लिहू नका.

पहिली चूक मोजण्याची. आपण ‘ठेवावे’ तीन अक्षरी म्हणतो. एसएमएससाठी ती सहा चिन्हं आहेत: ठ, े, व, ा, व, े. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘असल्याने’मध्ये चार अक्षरं दिसतात, चिन्हं आठ आहेत. म्हणून डोळ्यांनी मोजू नका. एक्सेलमधलं `LEN` देवनागरीची चिन्हं बरोबर मोजतं. पायथॉनमध्ये हे वापरा, म्हणजे इमोजीचाही हिशेब चुकणार नाही, कारण एसएमएसमध्ये बहुतेक इमोजी किमान दोन चिन्हांची जागा खातात:

```
len(s.encode('utf-16-be')) // 2
```

काही प्रोग्रॅमर यूटीएफ-८ मधले बाइट मोजतात. त्यात देवनागरीचं चिन्ह तीन बाइटचं होतं आणि आकडा उगाच फुगतो. एसएमएसचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त दिसते: ७० चा एक, मग १४० चे दोन, असा सरळ गुणाकार. मजकूर ७० च्या पुढे गेला की प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सहा बाइटची खूण लागते. हे तुकडे एकाच निरोपाचे आहेत, एकूण किती आहेत आणि हा कितवा, हे घेणाऱ्या फोनला त्यावरून कळतं. ती जागा मजकुरातूनच जाते, म्हणून प्रत्येक भागात ६७ चिन्हं उरतात. १३४ पर्यंत दोन भाग आणि १३५ व्या चिन्हाला तिसरा. १३८ चिन्हांचा मजकूर ‘दोनात बसतोय’ म्हणून पाठवला, की तीन भागांचे पैसे जातात. इंग्रजीतही हेच होतं, फक्त तिथे मर्यादा १६० वरून १५३ वर येते.

आपल्या सूचनेचा पहिला भाग ६७ व्या चिन्हावर, ‘पाणी भ’ इथे संपतो. उरलेला ‘रून ठेवावे. - सचिव’ दुसऱ्या भागात जातो. फोन ते जोडून दाखवतो, पण एखादा भाग अडकला तर काही फोन अर्धवट निरोप दाखवतात आणि काही बाकीचा भाग येईपर्यंत काहीच दाखवत नाहीत. हे टाळायला स्वतःच ७०-७० चे तुकडे पाडून वेगवेगळे एसएमएस पाठवू नका. काप अक्षर आणि त्याच्या मात्रेच्या मधोमध पडला, तर दुसरा निरोप एकट्या मात्रेने सुरू होतो आणि फोनवर तिच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं.

खरा उपाय मजकूर आवळण्याचा:

```
सोमवारी सकाळी ९ ते ५ टाकी सफाई, पाणी बंद. पाणी भरून ठेवावे. - सचिव
```

ही ६६ चिन्हं झाली. एक एसएमएस, आणि माहिती एकही सुटली नाही. गेलं ते ‘करणार असल्याने’ आणि ‘राहील’. सूचनेच्या मराठीत अशी क्रियापदांची शेपटं भरपूर असतात, कात्री पहिल्यांदा तिथेच लावा.

जागा वाचवायला मराठीत इंग्रजी शब्द किंवा इंग्रजी आकडे घालणं ही तिसरी चूक. मजकूर एकदा युनिकोडमध्ये गेला की इंग्रजी अक्षरालाही १६ बिटच लागतात. ‘९’ लिहा नाहीतर `9`, जागा तेवढीच. ‘सचिव’ चार चिन्हांत होतं आणि `Secretary` ला नऊ लागतात, म्हणजे इथे मराठीच स्वस्त आहे.

याची उलट बाजूही आहे. इंग्रजी मजकुरात एकच `₹` आला, तर सगळा निरोप युनिकोड होतो, कारण हे चिन्ह मूळ तक्त्यात नाही. १५० अक्षरांच्या हप्त्याच्या आठवणीचे एकाऐवजी तीन भाग पडतात. तिथे `Rs.` लिहा. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब रेघ हेच करतात. इंग्रजी निरोपाचे भाग अचानक वाढले, तर आधी हे तपासा.

मराठीची खास अडचण न दिसणाऱ्या जोडचिन्हाची आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड ऱ वापरून लिहितात, तेव्हा सात चिन्हं होतात. काही कीबोर्ड र, हलन्त आणि मग अदृश्य `U+200D` घालतात, तेव्हा आठ. दिसायला दोन्ही सारखेच. सगळी अदृश्य चिन्हं सरसकट पुसणारी स्क्रिप्ट लावली, तर या र चा रफार होतो आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होऊन बसतं. आधी त्या र च्या जागी ऱ घाला, हलन्त तसाच ठेवा आणि मगच बाकीचं साफ करा.

मोठ्या संख्येने पाठवताना गेटवेवर, म्हणजे ठोक एसएमएस पाठवणाऱ्या सेवेवर, मजकुराचा प्रकार युनिकोड निवडला आहे ना, तेही बघा. संगणकावरून गेटवेला एसएमएस सोपवण्याची एसएमपीपी पद्धत वापरत असाल तर `data_coding` ची किंमत 8 हवी. हे चुकलं, तर लोकांच्या फोनवर बहुधा नुसती `?????` पोहोचतात.

शेवटची चूक टेम्प्लेटमधल्या बदलत्या जागांची. ठरलेला मजकूर ६२ चिन्हांचा आणि पुढे सभासदाचं नाव, असं धरा. ‘उषा’ ३ चिन्हांचं, एकूण ६५, एक एसएमएस. ‘ज्ञानेश्वर’ १० चिन्हांचं, एकूण ७२, दोन एसएमएस. टेम्प्लेट एकच, तरी बिल सभासदांच्या संख्येशी जुळत नाही, ते यामुळे. टेम्प्लेट दूरसंचार कंपनीकडे मंजुरीला पाठवण्याआधी यादीतलं सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात मोठी रक्कम घालून मोजा, आणि तरीही बेरीज ७० च्या आत राहील इतकाच ठरलेला मजकूर ठेवा.