उलटा फिरणारा पंखा: अलायसिंग ओळखताना या चुका टाळा

परीक्षेच्या आदल्या रात्री दीडच्या सुमारास ती होस्टेलच्या खोलीत टेबलफॅनचा व्हिडिओ काढत बसली होती. अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय! तीन पात्यांचा पंखा डोळ्यांना सुलट फिरताना दिसत होता, फोनवर मात्र संथपणे उलटा. यालाच अलायसिंग म्हणतात: ठरावीक वेळाने टिपलेले नमुने, म्हणजे सॅम्पल, कमी पडले की वेगवान हालचाल भलत्याच वेगाची भासते. पंख्याचा वेग होता मिनिटाला १,१८० फेरे आणि कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम टिपत होता.

तिने पहिल्यांदा फेरे मोजले. सेकंदाला साधारण १९.६७ फेरे, त्यातून ३० वजा केले की उणे १०.३३. म्हणजे पंखा सेकंदाला दहा वेळा उलटा फिरायला हवा, पण तो तर रेंगाळत होता. ही चूक फार जण करतात. तिन्ही पाती हुबेहूब सारखी असल्यामुळे एक तृतीयांश फेरा झाला, की चित्र पुन्हा पहिल्यासारखंच होतं. म्हणून फेरे नव्हे, पाती मोजायची: १९.६७ गुणिले ३, म्हणजे ५९ हर्ट्झ. कॅमेऱ्याला दिसतो तो फक्त फ्रेमच्या वेगाच्या जवळच्या पटीपासूनचा फरक. ३० च्या पटीतला जवळचा आकडा ६०. ५९ उणे ६० म्हणजे उणे १. सेकंदाला एका पात्याइतकं अंतर मागे, तीन सेकंदांत एक उलटा फेरा. फोनवर अगदी तेच दिसत होतं. वर्षभर वहीत नुसतं लिहून घेतलेलं सूत्र तिला तिथे उमगलं.

मग तिने फ्रेम दुप्पट केल्या, ६०. पंखा तरीही तसाच उलटा! कारण ६० मधून वजा केलं तरी उणे १ च उरतो. संशय आला की सॅम्पलिंगचा वेग दुप्पट करून बघायची सवय इथेच फसवते. पटीत नसलेला वेग घ्यावा. २४ फ्रेमवर ५९ मधून ४८ गेले, अधिक ११ उरले आणि पंखा सुलट धावू लागला. वेग बदलल्यावर वारंवारिता जागा बदलत असेल, तर ती खोटी आहे. खरी किती, हे कळायला ५९ च्या दुपटीपेक्षा, म्हणजे ११८ पेक्षा जास्त फ्रेम लागतात. तिच्या फोनचा २४० चा स्लो मोशन पुरला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी सॅम्पल घेऊन मग फिल्टर लावणं. ३० फ्रेमच्या व्हिडिओत शिरलेला उणे १ हर्ट्झ हा खऱ्या १ हर्ट्झच्या हालचालीसारखाच दिसतो, त्याला वेगळा कसा काढणार? गाळणी आधीच लागते. शटर १/१००० सेकंद असताना पाती स्पष्ट आणि उलटी दिसत होती. ते तिने १/६० सेकंद केलं. तेवढ्या वेळात पातं जवळजवळ पुढच्या पात्याच्या जागी पोचतं, त्यामुळे पंख्याच्या जागी एकसारखी राखाडी चकती उरली आणि उलटं फिरणं जवळपास नाहीसं झालं. सर्किटमध्ये हेच काम एडीसीच्या, म्हणजे सिग्नलचे सॅम्पल घेऊन आकडे करणाऱ्या भागाच्या, अलीकडे बसवलेला आणि जास्त वारंवारिता अडवणारा लो-पास फिल्टर करतो. पलीकडे बसवला तर त्याचा अलायसिंगवर काही उपयोग नाही.